शेवटचा जोड दोनदा विकला जातो तेव्हा

समजा, कोल्हापुरी चपलांचा एक व्यापारी ३,००० प्रकारचा माल तीन ऑनलाइन बाजारांत विकतो. दिवाळीच्या सवलतीसाठी त्याने सगळ्या किमती एकदम बदलल्या. एका बाजाराचा एपीआय सेकंदाला पाचच विनंत्या घेत असेल, तर हे काम दहा मिनिटं चालतं. नेमका तेवढ्यात दुसऱ्या बाजारात एका मापाचा शेवटचा जोड विकला जातो. ‘शिल्लक शून्य’ हा निरोप किमतींच्या रांगेत मागे अडकतो आणि पहिला बाजार तोच जोड पुन्हा विकतो.

म्हणून साठ्याची रांग वेगळी आणि आधी सुटणारी हवी. किंमत दहा मिनिटं जुनी राहिली तर फार तर थोडं नुकसान; नसलेला माल विकला, की ऑर्डर रद्द करावी लागते आणि विक्रेत्याचं मानांकन घसरतं.

मर्यादा ओलांडली, की सर्व्हर ४२९ हा कोड परत पाठवतो. सोबत ‘Retry-After’ आलं असेल तर तेवढं थांबायचं. नसेल तर एक, दोन, चार सेकंद असं अंतर वाढवत, त्यात थोडी यादृच्छिक भर घालायची. नाहीतर अडलेल्या सगळ्या विनंत्या एकाच क्षणी पुन्हा आदळतात.

खरी मेख पुढे आहे. ‘एक वजा कर’ असा निरोप पोहोचला, पण उत्तर वाटेतच हरवलं, तर पुन्हा पाठवल्यावर दोन वजा होतात. त्यामुळे ‘शिल्लक २’ असा पूर्ण आकडाच पाठवावा, आणि तोही प्रत्येक प्रयत्नापूर्वी मूळ नोंदीतून ताजा वाचून.