वाचन पक्के, बोलणे कच्चे: जर्मन बी-वनची तयारी कुठून सुरू करावी?

वाचनात भरपूर गुण मिळाले की बोलण्यातली तूट भरून निघते, हा समज गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-वन परीक्षेपुरता तरी चुकीचा आहे. वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण या चारही विभागांना प्रत्येकी १०० गुण असतात आणि प्रत्येकात स्वतंत्रपणे ६० मिळवावे लागतात. सराव चाचणीत वाचनात ८५ आणि बोलण्यात ४५ पडत असतील, तर ८५चे ९५ करण्यात घालवलेला महिना निकालाच्या दृष्टीने वायाच जातो. राहिलेला विभाग पुन्हा देता येतो खरा. पण प्रवेशाची किंवा नोकरीची तारीख ठरलेली असेल, तर ती सोय वेळेवर उपयोगी पडेलच असे नाही.

अशा वेळी अनेकजण आधी आणखी शब्द पाठ करायला घेतात. वास्तविक ज्याचे वाचन चांगले आहे, त्याला शब्द ओळखता येतातच; अडते ते ऐनवेळी आठवण्यात. म्हणून पहिल्याच दिवशी एका विषयावर तीन मिनिटे बोलून ते फोनवर रेकॉर्ड करावे आणि गाडी नेमकी कुठे अडते ते ऐकावे. नामापाशी अडली, तर त्या विषयाचे शब्द कमी आहेत. वाक्याच्या सुरुवातीलाच अडली, तर मुद्दे ठरलेले नाहीत. क्रियापदापाशी अडखळणे मराठी भाषकांच्या बाबतीत समजण्यासारखे आहे. ‘कारण’ या अर्थाच्या ‘वाइल’नंतर जर्मन क्रियापद मराठीसारखेच शेवटी जाते, पण साध्या विधानात ते दुसऱ्या जागी हवे असते. ‘आज मी जातो’ म्हणताना ‘हॉयटं इश गेयं’ असे तोंडातून निघते. बरोबर रचना आहे ‘हॉयटं गेयं इश’. वाचताना ही चूक कधीच उघडी पडत नाही.

संभाषणात जोडीदारासोबत बेत आखणे, छोटे सादरीकरण आणि त्यावर प्रश्नोत्तरे असे तीन भाग असतात. सराव सादरीकरणापासून सुरू करावा, कारण सर्वाधिक गुण त्यालाच आहेत आणि त्याचा साचा ठरलेला आहे: विषयाची ओळख, स्वतःचा अनुभव, आपल्या देशातील स्थिती, फायदे-तोटे व मत, समारोप. मात्र आख्खे भाषण पाठ करणे धोक्याचे. दोन विषयांतून एक निवडावा लागतो. त्यात पाठ केलेला विषय असेलच असे नाही, आणि पुढच्या प्रश्नांना तर पाठांतर पुरत नाहीच. पाठ करायची ती फक्त एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर नेणारी वाक्ये.

इथे वाचन कामी येते. एखादा लेख वाचून मिटावा आणि त्यातला मजकूर आधी चार, मग तीन, मग दोन मिनिटांत सांगावा. मजकूर तोच राहिल्याने लक्ष बोलण्याच्या ओघावर राहते. हे अंगवळणी पडले की जोडीदारासोबतचा सराव सुरू करावा. सुचवणे, नकार देणे, तोड काढणे हे एकट्याने साधत नाही.