चार्जर मीटरकडे बघून चालतो तेव्हा

नेदरलँड्समधल्या बऱ्याच घरांना वीज तीन फेजवर येते आणि प्रत्येक फेजवर २५ अँपिअरचा मुख्य फ्यूज असतो. घरात दिवे, फ्रिज, वॉशिंग मशीन एवढंच होतं तोवर हे भरपूर होतं. गॅसची शेगडी जाऊन इंडक्शन आली आणि दाराशी विजेवरची गाडी उभी राहिली, तेव्हा गणित बदललं. ११ किलोवॅटचा घरगुती चार्जर तिन्ही फेजवरून प्रत्येकी १६ अँपिअर घेतो. म्हणजे उरलेल्या सगळ्या घरासाठी प्रत्येक फेजवर फक्त ९ अँपिअर शिल्लक राहतात. ३५ अँपिअरची मोठी जोडणी मिळते, पण तिचा वार्षिक स्थिर आकार कित्येक पटींनी जास्त असतो. शिवाय मुख्य फ्यूज वीज वाहून आणणाऱ्या कंपनीचा आणि सीलबंद. तो उडाला, तर त्यांचा माणूस येईपर्यंत थांबावं लागतं.

यावरचा उपाय तिथल्या स्मार्ट मीटरमध्येच आहे. मीटरवर P1 नावाचं एक पोर्ट असतं, टेलिफोनच्या वायरची पिन बसेल एवढं. नव्या पिढीचे मीटर त्यातून दर सेकंदाला, तर आधीचे दर दहा सेकंदांनी घराचं ताजं वाचन बाहेर पाठवतात. ग्राहक ते हवं तसं वापरू शकतो. त्यातल्या आपल्या कामाच्या तीन ओळी अशा दिसतात:

```
1-0:31.7.0(030*A)
1-0:51.7.0(031*A)
1-0:71.7.0(017*A)
```

पहिल्या फेजवर ३०, दुसऱ्यावर ३१ आणि तिसऱ्यावर १७ अँपिअर. हे आकडे एका संध्याकाळचे धरू. गाडी १६ अँपिअरवर चार्ज होते आहे आणि पहिल्या दोन फेजवर जोडलेली इंडक्शन शेगडी नुकतीच सुरू झाली आहे. चार्जर या आकड्यांतून आधी स्वतःचे १६ वजा करतो. घराचा खरा भार उरतो १४, १५ आणि १. मग तो हे आकडे मर्यादेतून वजा करतो. मर्यादा २५ ऐवजी २४ ठेवलेली बरी, कारण मीटर अँपिअर पूर्णांकातच सांगतो. शिल्लक येते १०, ९ आणि २३. यातला सर्वांत लहान आकडा ९. गाडीला आता ९ अँपिअर मिळतील.

सर्वांत लहानच का? कारण चार्जर गाडीला तीन फेजसाठी तीन वेगळे आकडे सांगू शकत नाही. चार्जिंगच्या केबलमध्ये वीज वाहणाऱ्या तारांशिवाय एक बारीक संदेशतार असते. तिच्यावरचा संदेश सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होतो. त्यातला ‘चालू’ काळ किती टक्के, यावरून आपण जास्तीत जास्त किती अँपिअर घ्यायचे हे गाडीला कळतं. १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, १५ टक्के म्हणजे ९. आकडा एकच आणि तो तिन्ही फेजना लागू.

संदेश बदलल्यावर गाडीने पाच सेकंदांत आपली मागणी उतरवायची असते. तेवढ्या वेळात फ्यूजला धोका नसतो. २५ अँपिअरचा फ्यूज त्याच्या सव्वापट प्रवाह तासभर सोसतो. दीडपटीच्या पुढे प्रवाह टिकून राहिला, तर मात्र तो तग धरत नाही. म्हणूनच काही सेकंदांच्या अंतराने येणारं वाचनही या कामाला पुरतं.

आता त्याच संध्याकाळी दुसऱ्या फेजवरचा डिशवॉशर पाणी तापवायला लागतो आणि आणखी ९ अँपिअर घेतो. घराचा दुसऱ्या फेजवरचा भार होतो २४. चार्जर मीटरकडे न बघता १६ अँपिअर ओढत राहिला असता, तर तिथे ४० झाले असते आणि फ्यूज तासाभराच्या आत उडाला असता. मीटरकडे बघणारा चार्जर थांबतो. ६ अँपिअरपेक्षा कमी देण्याची सोय या पद्धतीत नाही, त्यामुळे शिल्लक ६ च्या खाली गेली की चार्जिंग बंदच करावं लागतं. जागा मोकळी झाल्यावरही चांगला चार्जर काही मिनिटं वाट पाहतो. नाहीतर शेगडीच्या प्रत्येक चढउताराबरोबर चार्जिंग चालू-बंद होत राहील.

या सगळ्या वेळात तिसरी फेज जवळजवळ रिकामी आहे. वायरमनने डिशवॉशरचं सर्किट तिसऱ्या फेजवर हलवलं, तर घराचा भार १४, १५, १० होतो. सर्वांत लहान शिल्लक पुन्हा ९ येते आणि गाडी सहा किलोवॅटने चार्ज होत राहते. जोडणी तीच, फ्यूज तेच. घराची एकूण बेरीज मर्यादेत बसते आहे, हे पुरेसं नाही. ज्या फेजवर गर्दी जास्त, तीच गाडीचा वेग ठरवते. त्यामुळे मोठी जोडणी मागण्याआधी कोणतं उपकरण कोणत्या फेजवर आहे, याची यादी करावी.

बसवताना चुका होतात त्याही फेजच्याच. चार्जरची पहिली फेज मीटरच्या दुसऱ्या फेजला जोडलेली असू शकते. तसं असेल तर चार्जरच्या सेटिंगमध्ये ते नोंदवावं लागतं. एकाच फेजवर चार्ज होणारी गाडी लावली आणि मीटरवर कोणता आकडा १६ ने वाढला हे पाहिलं, की लगेच कळतं. छतावर सौर पॅनेल असतील तर दुसरी अडचण येते. वर दिलेल्या ओळींत प्रवाहाची दिशा नसते. घरातून १० अँपिअर बाहेर जात असले तरी आकडा १० च दिसतो. भर उन्हात गाडी विनाकारण हळू चार्ज होत असेल, तर हेच कारण तपासावं. घेतलेले आणि बाहेर दिलेले किलोवॅट प्रत्येक फेजसाठी वेगळ्या ओळींत येतात. चार्जरने त्या वाचायला हव्यात.

महाराष्ट्रात महावितरणच्या स्मार्ट मीटरचं वाचन कंपनीकडे जातं. घरचा चार्जर थेट जोडता येईल असं P1 सारखं पोर्ट त्यात नाही. इथे मीटरनंतरच्या मुख्य वायरभोवती प्रवाह मोजणारी सीटी, म्हणजे एक कडं, बसवतात आणि तिची तार चार्जरला जोडतात. गणित तेच राहतं. सिंगल फेजच्या घरात मुख्य एमसीबी ४० अँपिअरचा आहे आणि ७.४ किलोवॅटचा चार्जर एकटाच ३२ अँपिअर घेतो, असं समजा. सकाळी दोन एसी, गिझर आणि बाकीचं घर मिळून २७ अँपिअर घेत असेल, तर एकूण ५९ होतात आणि एमसीबी पडतो. मर्यादा ३८ ठेवली तर गाडीला ११ अँपिअर, म्हणजे सुमारे अडीच किलोवॅट मिळतात. गिझर बंद झाला की वेग आपोआप वाढतो. अर्थात मंजूर भार आणि वायरची जाडी चार्जरला पुरेशी आहे ना, हे आधी पाहायलाच हवं. ते काम हा चार्जर करत नाही.

चार्जर बसवणारा माणूस निघण्याआधी त्याच्यासमोर दोन गोष्टी करून पाहाव्यात. गाडी पूर्ण वेगाने चार्ज होत असताना शेगडी, ओव्हन किंवा गिझर एकदम लावावेत. काही सेकंदांत गाडीचे अँपिअर उतरले पाहिजेत. मग मीटरकडून किंवा सीटीकडून चार्जरकडे येणारी माहितीची तार काढावी. तार निघाल्यावर चार्जर आंधळा होतो. अशा वेळी त्याने आधी ठरवून दिलेल्या सुरक्षित आकड्यावर यावं किंवा थांबावं. तो जुन्याच वेगाने चालत राहिला, तर भाराचं नियोजन फक्त तार शाबूत असेपर्यंतच आहे. ते सेटिंग दुरुस्त करून घेतल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानू नये.