बेरीज १५० आली म्हणजे लॉटरी लागते का?

हा एपिसोड ज्यांनी बसमध्ये अर्धवट ऐकला, त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

माझा आतेभाऊ टोरोंटोला असतो. तिथे 'लोट्टो ६/४९' खेळतात. १ ते ४९ मधले सहा आकडे निवडायचे, सोडतीत तेच सहा निघाले की मोठं बक्षीस. परवा फोनवर मला म्हणाला, "दादा, आता मी अंदाजे खेळत नाही. एक फिल्टर विकत घेतलाय. सहा आकड्यांची बेरीज ११५ ते १८५ मध्ये असेल तरच तिकीट घ्यायचं. आजवरच्या सोडतींपैकी सत्तर टक्के तिथेच पडल्यात!" आणि या भरवशावर पठ्ठ्या आठवड्याला दोनाऐवजी दहा तिकिटं घ्यायला लागला होता.

गंमत म्हणजे, त्याचा आकडा साधारण बरोबर आहे. चुकलाय तो अर्थ.

सगळ्यात लहान बेरीज २१. ती एकाच प्रकारे येते: १, २, ३, ४, ५, ६. सगळ्यात मोठी २७९, तीही एकाच प्रकारे: ४४ ते ४९. पण १५० ही बेरीज सुमारे १ लाख ६५ हजार प्रकारे जमते. म्हणून आलेख काढला तर मध्ये टेकडी दिसते, दोन्ही टोकांना उतार. सरासरी बरोब्बर १५०. ही टेकडी यंत्रामुळे होत नाही. यंत्रातल्या चेंडूंना बेरीज येत नाही हो! मधल्या बेरजेची तिकिटंच जास्त आहेत, एवढंच कारण.

आता लहान खेळ घेऊ, बोटांवर मोजता येईल असा. १ ते ६ मधले दोनच आकडे काढायचे. एकूण जोड्या १५. बेरीज ७ येणाऱ्या जोड्या तीन: १-६, २-५, ३-४. बेरीज ३ येणारी जोडी एकच: १-२.

फिल्टरवाला म्हणेल, "सातवर खेळा, ती तिप्पट वेळा येते." खरंय, सात येण्याची शक्यता १५ मध्ये ३, म्हणजे पाचात एक. पण तुम्ही 'सात' हे तिकीट घेत नाही, तुम्ही २-५ घेता. सात आली तरी ती १-६ किंवा ३-४ असू शकते. म्हणजे पाचात एक, आणि त्यातही तीनात एक. गुणा: १५ मध्ये १. आणि १-२ चं काय? बेरीज ३ येण्याची शक्यता १५ मध्ये १, आणि आली की जोडी तुमचीच. तेही १५ मध्ये १. बेरीज जितकी 'लोकप्रिय', तितके तिच्यात वाटेकरी जास्त. फायदा तिथल्या तिथे कापला जातो.

मोठ्या खेळात हेच होतं. एकूण तिकिटं १,३९,८३,८१६. फिल्टरच्या पट्ट्यात सोडत पडण्याची शक्यता सुमारे सत्तर टक्के, पण एकूण तिकिटांपैकी सुमारे सत्तर टक्के तिकिटंही त्याच पट्ट्यात आहेत. तुमच्या एका तिकिटाची शक्यता राहते तेवढीच: १,३९,८३,८१६ मध्ये १. बेरीज १५० असो की २१.

भावाला मी एक प्रयोग सांगितला. कागदाच्या ४९ चिठ्ठ्या कर, डोळे मिटून सहा उचल, बेरीज लिही, चिठ्ठ्या परत टाक. असं शंभर वेळा कर. साधारण सत्तर बेरजा त्याच पट्ट्यात येतील. म्हणजे जे फिल्टर विकत घेतलं, ते आंधळी निवडही फुकटात देते.

मग बेरजेचा काहीच उपयोग नाही? जिंकण्यासाठी नाही. फरक पडला तर तो बक्षीस किती जणांत वाटलं जाईल, यात पडू शकतो. ब्रिटनमध्ये १४ जानेवारी १९९५ च्या सोडतीत ७, १७, २३, ३२, ३८, ४२ हे आकडे निघाले. बेरीज १५९, फिल्टरच्या अगदी मधोमध. विजेते किती? १३३! एक कोटी साठ लाखांहून जास्त पौंडांचं बक्षीस वाटलं गेलं आणि प्रत्येकाच्या हाती १,२२,५१० पौंड आले. बरेच जण वाढदिवसाच्या तारखा लावतात, म्हणजे ३१ पर्यंतचेच आकडे. अशा तिकिटांची बेरीज १७१ च्या वर जाऊच शकत नाही. त्यामुळे मोठ्या बेरजेच्या तिकिटाला वाटेकरी कमी मिळू शकतात. पण आधी ते तिकीट लागायला हवं, आणि ती शक्यता तसूभरही वाढत नाही.

भाऊ थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे दहा तिकिटांची शक्यता फक्त दहा तिकिटांएवढीच?" हो रे बाबा. आणि खर्च मात्र पाचपट. फिल्टरचे पैसे वेगळे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!