दुपारी लावा गाडी, मग मांडा हिशेब

विजेवरची गाडी घेतली की पहिला सल्ला हमखास मिळतो: रात्री झोपताना लावून ठेवा, रात्रीची वीज स्वस्त असते. सल्ला देणाऱ्याचं चूक नसतं, फक्त तो दुसऱ्या देशातला असतो. ब्रिटनमध्ये 1978 पासून ‘इकॉनॉमी 7’ नावाचा दर आहे. त्यात रात्रीचे सात तास वीज स्वस्त मिळते. तिथे स्थायिक झालेले आपले नातेवाईक मध्यरात्री गाडी चार्ज करतात ते याच हिशेबाने. आपल्याकडेही महावितरण कारखान्यांना अनेक वर्षं रात्रीच्या वापरावर सूट देत असे, त्यामुळे ही समजूत आणखीच पक्की झाली.

मधल्या काळात सूर्याने गणित फिरवलं. सौरऊर्जा प्रकल्प इतके वाढले की दुपारी वीज भरपूर असते आणि संध्याकाळी ऊन उतरलं की एकदम ओढाताण सुरू होते. म्हणून केंद्र सरकारने जून 2023 मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल केला. दिवसाच्या सौर तासांत दर नेहमीपेक्षा कमी असावा, अशी त्यात तरतूद आहे. महाराष्ट्रात 1 जुलै 2025 पासून महावितरणच्या ज्या घरगुती ग्राहकांकडे टीओडी स्मार्ट मीटर आहे, त्यांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून 1 रुपयापर्यंत सवलत आहे. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानीची वीज घेणाऱ्यांनी आपापल्या कंपनीचं दरपत्रक बघावं, त्यांचे दर वेगळे असतात.

तेव्हा पहिलं काम म्हणजे मीटर कोणता आहे ते बघणं. साधा मीटर किती युनिट वापरली एवढंच सांगतो, केव्हा वापरली ते त्याला माहीत नसतं. साधा मीटर असेल तर वेळ बदलून एक पैसाही वाचणार नाही. स्मार्ट मीटर असेल तर महावितरणच्या मोबाइल ॲपवर तासागणिक वापर दिसतो. पुढच्या सगळ्या पडताळणीत तो आलेखच कामाला येतो.

नोकरदार माणूस म्हणेल, दुपारी गाडी ऑफिसात असते, चार्ज कधी करणार? पण आकडे तेवढे अवघड नाहीत. महिन्याला 1000 किलोमीटर चालणारी गाडी घ्या. स्क्रीनवर ती 100 किलोमीटरला 14 युनिट दाखवत असेल, तर बॅटरीत 140 युनिट लागतील. चार्जिंग होताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून भिंतीतल्या सॉकेटमधून साधारण 160 युनिट ओढली जातील. हिशेबात हाच आकडा धरायचा, कारण बिल बॅटरीचं येत नाही, मीटरचं येतं. गाडीबरोबर मिळणारा साधा चार्जर 15 अँपिअरच्या सॉकेटवर तासाला सुमारे 3 युनिट भरतो. सवलतीच्या आठ तासांत 24 युनिट होतात. म्हणजे महिन्यात सात-आठ दिवस दुपारी गाडी घरी उभी राहिली तर काम भागतं. शनिवार-रविवार आणि घरून काम करण्याचा एखादा दिवस धरला की झालं.

वेळ लावण्याची सोय बहुतेक गाड्यांच्या स्क्रीनवर किंवा ॲपमध्ये असते, भिंतीवरच्या चार्जरमध्येही असते. पण ती एकाच ठिकाणी लावा. गाडीत 9 ते 5 आणि चार्जरमध्ये चुकून रात्रीची वेळ राहिली तर दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि सोमवारी सकाळी बॅटरी जिथल्या तिथे असते. काही गाड्या ‘निघण्याची वेळ’ विचारतात. सकाळी 8 ला निघायचं असं भरलं की गाडी पहाटे चार्ज होते, म्हणजे नेमकी सवलत नसताना. त्याऐवजी सुरू आणि बंद होण्याची वेळ द्या. दोन्हीकडे पाच-दहा मिनिटं आत ठेवा, कारण गाडीचं घड्याळ आणि मीटरचं घड्याळ तंतोतंत जुळेलच असं नाही. आणखी एक, वीज जाऊन आली की काही चार्जर ठरवलेली वेळ विसरतात आणि लगेच सुरू होतात, काही सुरूच होत नाहीत. आपला चार्जर कोणत्या जातीचा आहे हे एकदा मेन स्विच बंद-चालू करून पाहून ठेवा.

आता बचत मोजू. लोक इथेच गडबडतात. बिलावर सवलतीची जी रक्कम दिसते ती सगळी गाडीची नसते. त्या वेळात फ्रिज, पंखा, वॉशिंग मशीनही चालू असतं. ती सवलत गाडी नसतानाही मिळाली असती. शिवाय वेळ लावण्याआधीही गाडी कधीतरी दुपारी चार्ज होतच असणार, तेवढी युनिट वजा करायला हवीत. सूत्र साधं आहे:

आता 9 ते 5 मध्ये गाडीत गेलेली युनिट − आधी त्याच वेळेत जाणारी युनिट = सरकवलेली युनिट
सरकवलेली युनिट × युनिटमागची सवलत = महिन्याची बचत

आपल्या गाडीच्या 160 पैकी 120 युनिट आता दुपारी जातात आणि पूर्वी 20 जात होती, असं धरू. सरकवलेली युनिट 100. गुणिले 80 पैसे, म्हणजे 80 रुपये. गाडीची युनिट चार्जरच्या ॲपमधून घ्या. ते नसेल तर मीटरच्या आलेखात बघा: चार्जिंग चालू असलेल्या तासांचे खांब बाजूच्या खांबांपेक्षा तीनएक युनिटने उंच उठलेले दिसतात. तसा खांब रात्री 11 ला दिसला तर वेळ लागलेली नाही, हे बिल यायची वाट न बघताच कळतं. हिशेब मात्र कॅलेंडरच्या महिन्याचा नको. बिलावरच्या दोन रीडिंगच्या तारखांमधला करा, नाहीतर आकडे कधीच जुळणार नाहीत.

80 रुपये ऐकून हिरमोड होईल, पण खरं गणित पुढेच आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: 100 युनिटपर्यंत, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत आणि त्यापुढे. घराचा वापर 180 असेल आणि त्यात गाडीची 160 पडली तर एकूण 340 होतात. शेवटची 40 युनिट वरच्या टप्प्यात जातात. दोन टप्प्यांच्या दरात, समजा, 4 रुपयांचा फरक असेल, तर त्या 40 युनिटचे 160 रुपये जास्त बसतात. म्हणजे दुपारी सरकवून मिळवलेल्या रकमेच्या दुप्पट. नेमका फरक तुमच्या बिलाच्या मागच्या बाजूला छापलेला असतो.

म्हणून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ॲपवर एकूण युनिट बघायची. 300 जवळ आली असतील आणि ऑफिसात फुकट किंवा स्वस्त चार्जिंगची सोय असेल, तर उरलेली भर तिथे घालायची. महामार्गावरच्या फास्ट चार्जरवर मात्र त्यासाठी जाऊ नका. तिथला दर बहुधा तुमच्या वरच्या टप्प्यापेक्षाही महाग पडेल.

आणि केवळ या सवलतीसाठी टायमरवाला महागडा चार्जर विकत घेऊ नका. महिन्याला 80 म्हणजे वर्षाला 960 रुपये. तेवढं काम गाडीच्या स्क्रीनवरची मोफत सोय करते.