मानेवरचा काळेपणा: फोटोवरून रंग कळतो, कारण नाही

समजा, साखरपुड्याचे फोटो आले आणि 23 वर्षांच्या मुलीच्या मानेवर काळपट पट्टा दिसला. घरात लगेच निदान होतं: मळ असेल, नीट घास. मग लिंबू, खायचा सोडा, आणि तेही चाललं नाही की दुकानातून विचारून आणलेलं क्रीम. घासल्याने त्वचा सोलवटते आणि डाग अधिकच गडद होतो. अशा काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. त्याने त्वचा पातळ होते आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

त्वचारोगतज्ज्ञ आधी त्या जागेवर बोट फिरवतात. त्वचा जाडसर, मखमलीसारखी लागली, घड्या ठळक असल्या, कडा अस्पष्ट असल्या आणि काखेतही तसंच असलं, तर बहुधा तो ‘अकॅन्थोसिस निग्रिकन्स’ असतो. शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, तेव्हा स्वादुपिंड ते जास्त प्रमाणात सोडतं. हे जादा इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावतं आणि त्वचा जाड होते. तो मळ नसतोच, मग घासून निघणार कसा?

म्हणूनच डॉक्टर त्या मुलीला पाळीबद्दल, वजनाबद्दल, घरातल्या मधुमेहाबद्दल आणि चालू औषधांबद्दल विचारतात. पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, असं ती सांगते. तपासणीत एचबीए1सी 5.9 टक्के निघतं. 5.7 ते 6.4 ही मधुमेहपूर्व अवस्था, म्हणजे आत्ताच आवर घातला तर मधुमेह टाळता किंवा लांबवता येतो. पाळीच्या तक्रारीमुळे पीसीओएसचीही तपासणी होते. उपचाराचा भर आहार, व्यायाम आणि वजनावर राहतो, आणि मानेचा रंग काही महिन्यांत हळूहळू उतरू लागतो. जुने फोटो इथे कामाला येतात, कारण डाग केव्हापासून आहे ते त्यांवरून कळतं.

पण काखेतला प्रत्येक डाग इन्सुलिनमुळे नसतो. तांबूस-तपकिरी, स्पष्ट कडांचा, बारीक कोंडा सुटणारा डाग ‘एरिथ्राज्मा’ हा जिवाणूसंसर्ग असू शकतो. वूड्स लॅम्पखाली तो पोवळ्यासारखा लाल चमकतो आणि प्रतिजैविकाने बरा होतो. डिओडोरंटच्या ॲलर्जीनंतरही काळा डाग मागे राहतो. मोबाइलच्या फोटोत हे तिन्ही जवळपास सारखेच दिसतात.

एका परिस्थितीत मात्र थांबू नये. उतारवयात, वजन वाढलेलं नसताना किंवा उलट घटत असताना, असा काळेपणा काही आठवड्यांत झपाट्याने पसरला, तळहात खरखरीत जाड झाले किंवा ओठांवर, तोंडात बदल दिसले, तर पोटातल्या कर्करोगाची, विशेषतः जठराच्या, शक्यता तपासावी लागते. असं क्वचितच घडतं. तरीही अशा वेळी क्रीम बदलत न बसता त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.