पेशीचा लगाम आणि विषाणूची किल्ली

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूचा सगळा संसार जेमतेम आठ हजार अक्षरांच्या डीएनएत मावतो. एवढ्या जागेत डीएनएची नक्कल काढणारं विकर, म्हणजे पॉलिमरेज, बसत नाही. ते त्याला पेशीकडूनच घ्यावं लागतं. पंचाईत अशी, की हा विषाणू आपल्या प्रती काढतो त्या त्वचेच्या वरच्या थरांत, आणि तिथल्या पेशींनी विभागणी कधीच थांबवलेली असते. डीएनए बनवायची सामग्री त्यांनी आवरून ठेवलेली असते. प्रती काढायच्या तर आधी त्या निवृत्त पेशीला पुन्हा कामाला जुंपायला हवं. विषाणू हे ज्या ठिकाणी बोट घालून साधतो, तेच ठिकाण पेशी विभागायची की नाही हे ठरवतं.

पेशी दोन होण्याआधी तिला आपला सगळा डीएनए दुप्पट करावा लागतो. त्यासाठी लागणाऱ्या प्रथिनांची बरीचशी जनुकं एकाच प्रकारच्या प्रथिनांच्या इशाऱ्यावर चालतात. त्यांना ई-टू-एफ म्हणतात. ई-टू-एफ जनुकाच्या सुरुवातीला जाऊन बसतं आणि ते जनुक वाचायला लावतं. पॉलिमरेज, डीएनएचा कच्चा माल तयार करणारी विकरं, नक्कल कुठून सुरू करायची ती जागा उघडणारी प्रथिनं, हे सगळं त्याच्या हुकमतीखाली येतं. गंमत म्हणजे हे नाव मुळात विषाणूचंच आहे: अॅडेनोव्हायरस या सर्दीपडशाच्या विषाणूच्या ई-टू नावाच्या जनुकावर बसणारा पेशीतला घटक, म्हणून ई-टू-एफ.

एरवी या ई-टू-एफला आवरून धरतं ते आरबी प्रथिन. लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्यावर होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगावरून त्याला हे नाव मिळालं. त्या मुलांच्या गाठींत या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. काही मुलं एक बिघडलेली प्रत जन्मतःच घेऊन येतात, त्यांना गाठ लवकर आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत होते. ४८ रुग्णांच्या नोंदी तपासून आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये हा दोन आघातांचा हिशेब मांडला, तेव्हा हे जनुक कुणी पाहिलेलंही नव्हतं. ते हाती लागलं १९८६ मध्ये.

आरबी हे ९२८ अमिनो आम्लांचं मोठं प्रथिन आहे. त्याच्या मधल्या भागात दोन घड्या एकमेकींना टेकून एक खाच तयार होते. ई-टू-एफचं जे टोक जनुक सुरू करतं, नेमकं तेच या खाचेत अडकतं. म्हणजे ई-टू-एफ जनुकावर बसलेलं असतं, पण त्याचं तोंड बंद असतं. शिवाय आरबी आपल्याबरोबर अशी विकरं आणतं, की जी आसपासचा डीएनए घट्ट गुंडाळून ठेवतात. नुसती मनाई नाही, दुहेरी बंदोबस्त.

वाढीचा संदेश बाहेरून आला की पेशीत सायक्लिन-डी तयार होतं आणि ते सीडीके-४ व सीडीके-६ या विकरांना जागं करतं. ती आरबीवर फॉस्फेट चिकटवू लागतात. फॉस्फेट चिकटवायच्या जागा डझनाहून अधिक आहेत. पुरेसे चिकटले, की आरबीची घडी बदलते आणि ई-टू-एफ सुटतं. सुटलेलं ई-टू-एफ इतर प्रथिनांबरोबर सायक्लिन-ई हेही बनवायला लावतं, आणि सायक्लिन-ई आपल्या जोडीदार विकरासह आरबीवर आणखी फॉस्फेट लादतं. एकदा ही साखळी सुरू झाली की बाहेरचा संदेश थांबला तरी पेशी मागे फिरत नाही. आर्थर पार्डी यांनी १९७४ मध्ये प्रयोगशाळेतल्या पेशींत हाच परतीचा रस्ता बंद होणारा टप्पा ओळखला होता, पण त्यामागे कोण आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता विषाणूकडे वळू. त्याचं ई-सेव्हन हे प्रथिन एचपीव्ही-१६ या प्रकारात फक्त ९८ अमिनो आम्लांचं असतं. त्यात ल्युसीन, सिस्टीन आणि ग्लुटामिक आम्ल ठरावीक अंतरावर येतात. ही तिकडी आरबीच्या एका खळग्यात नेमकी बसते. तो खळगा ई-टू-एफच्या खाचेहून वेगळा आहे. तिथे पाय रोवून ई-सेव्हनचा दुसरा भाग ई-टू-एफला बाजूला सारतो आणि आरबीला पेशीच्या कचरा-यंत्रणेकडे धाडतो. फॉस्फेट नाही, बाहेरचा संदेश नाही, तरी पेशी डीएनए बनवायला लागते. अॅडेनोव्हायरसच्या ई-वन-ए प्रथिनात आणि माकडांच्या एसव्ही-४० विषाणूच्या प्रथिनातही हीच तिकडी सापडते. एकमेकांशी फारसं नातं नसलेल्या तीन विषाणूंनी एकाच जागी बोट ठेवावं, यापेक्षा त्या जागेचं मोल सांगणारा पुरावा मला तरी दिसत नाही. चामखीळ आणणाऱ्या एचपीव्ही-६ व ११ यांचं ई-सेव्हन मात्र आरबीला बरंच सैल पकडतं.

पेशी इतकी भोळीही नसते. बेलगाम ई-टू-एफ दिसलं की पी-५३ हे प्रथिन जागं होतं आणि पेशीला आत्मनाशाकडे ढकलतं. त्यामुळे एकटं ई-सेव्हन विषाणूला महागात पडलं असतं. त्याचा जोडीदार ई-सिक्स पी-५३चा नाश करून ती वाट बंद करतो. विषाणूला यातून कर्करोग नको असतो, प्रती हव्या असतात. गाठ होते ती अपघाताने: विषाणूचा डीएनए तुटून माणसाच्या गुणसूत्रात घुसतो, या दोन जनुकांना आवरणारं त्याचं स्वतःचं ई-टू जनुक तुटतं, आणि ई-सिक्स व ई-सेव्हन अखंड चालू राहतात.

हे खरं की नुसती जुळवलेली गोष्ट, याची कसोटी हीला पेशींवर लागली. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून १९५१ मध्ये बाल्टिमोरला घेतलेल्या या पेशींत एचपीव्ही-१८ आहे. येल विद्यापीठात डॅनियल डिमायो यांच्या गटाने २००० च्या सुमारास त्यांत बाहेरून ई-टू जनुक घातलं. ई-सिक्स व ई-सेव्हन थांबले, पी-५३ परतलं, आरबीवरचे फॉस्फेट उतरले, आणि जवळपास अर्धशतक विभागत आलेल्या पेशी थांबून म्हाताऱ्या दिसू लागल्या. आरबीचं जनुक त्यांत सगळा काळ शाबूत होतं.

पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत या सगळ्याची खूण रोज वापरली जाते. पेशीत पी-१६ नावाचं प्रथिन असतं. ते सीडीके-४ व ६ यांना अडवून आरबीची पकड टिकवतं. आरबीच नाहीसा झाला तर पी-१६ प्रचंड वाढतं, पण तार तुटलेल्या सायकलचा ब्रेक कितीही दाबा, चाक थांबत नाही. गर्भाशयमुखाच्या तुकड्यात पी-१६चा रंग सलग आणि गडद भरलेला दिसला, की डॉक्टर ई-सेव्हन कामाला लागल्याचं मानतात. घशाच्या मागच्या भागातल्या गाठीत ७० टक्के किंवा अधिक पेशी ठळक रंगल्या तर ती एचपीव्हीची धरली जाते. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात मात्र हा हिशेब चालत नाही. तिथे पी-१६चं जनुकच अनेकदा गेलेलं असतं आणि विषाणूही क्वचितच असतो. उलट फुफ्फुसाच्या लहान-पेशी कर्करोगात आरबीचं जनुक बहुधा बिघडलेलं असल्याने पी-१६ गडद दिसतं, विषाणूचा मागमूस नसताना. रंग सांगतो तो इतकंच, की आरबी कामातून गेला आहे. कुणामुळे, हे विषाणूचा डीएनए किंवा आरएनए शोधूनच कळतं.