राजाला जाब कोण विचारणार?

20 जानेवारी 1649. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आरोपी म्हणून बसला होता. त्याच्या काठीची चांदीची मूठ निखळून पडली. ती उचलायला कोणी पुढे आलं नाही, शेवटी त्यानंच वाकून उचलली.

आरोपपत्र वाचून झाल्यावर चार्ल्सनं एकच प्रश्न लावून धरला: मला इथं कोणत्या अधिकारानं आणलंत? त्याच्या मते राज्य देवानं सोपवलेलं आणि वारशानं आलेलं होतं, म्हणून हिशेब द्यायचा तो देवालाच. हा दैवी हक्काचा सिद्धांत. त्यात जुलमी राजाला हटवायची सोय नाही, प्रजेनं सोसायचं. चार्ल्सनं आरोपांना उत्तरच दिलं नाही, कारण उत्तर देणं म्हणजे न्यायालय मान्य करणं.

न्यायालयाचा अध्यक्ष ब्रॅडशॉ याचं म्हणणं उलट होतं. राजा आणि प्रजा यांच्यात करार असतो. राजानं रक्षण करायचं, प्रजेनं निष्ठा ठेवायची. रक्षण संपलं की निष्ठाही संपली. 30 जानेवारीला चार्ल्सचा शिरच्छेद झाला.

मात्र करार म्हटला की लोकशाही आलीच, असं समजू नका. इथं विद्यार्थी हमखास चुकतात. हॉब्जनं 1651 मध्ये करारावरूनच जवळजवळ अनिर्बंध सत्तेचं समर्थन केलं: त्याच्या मते करार लोकांचा आपापसात होतो, सत्ताधीश त्यात पक्षकार नसतो, मग तो करार मोडणार कसा? लॉकनं पुढे सत्ता ही विश्वासानं सोपवलेली ठेव मानली आणि ती परत घेण्याचा हक्क लोकांना दिला.